भावना धुडकावणे (जोडीदाराकडून)

एखादी गोष्ट खुपल्याचे सांगितल्यावर जोडीदाराने त्या प्रसंगाविषयी न बोलता ‘तू फार मनाला लावून घेतोस’ असे म्हणून विषय मिटवणे. रागाच्या भरात असे कोणीही एखाद्या वेळी बोलून जाते. ही नोंद वारंवार घडणाऱ्या वागण्याविषयी आहे. या वाक्यासरशी चर्चा घडलेल्या गोष्टीवरून तक्रार करणाऱ्याच्या स्वभावावर जाते, आणि स्वभावाचा बचाव करण्यात मूळ मुद्दा मागे पडतो.

शेंक आणि फ्रुझेटी या संशोधकांच्या २०११ सालच्या प्रयोगात काही जणांना ताण देणारी आकडेमोड करायला लावून त्यांना काय वाटते ते विचारले गेले. ज्यांचे म्हणणे उडवून लावले, त्यांच्या हृदयाचे ठोके समजून घेतलेल्यांपेक्षा अधिक वाढले. घरातही असेच होते. म्हणणे झटकले की आवाज चढतो, आणि चढलेला आवाजच हळवेपणाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

म्हणून उत्तर देताना स्वभावाचा वाद सोडून द्यावा आणि प्रसंग धरून ठेवावा. समजा, पतीची बढती हुकल्याचा किस्सा पत्नी मित्रमंडळींत रंगवून सांगते. ‘तू नेहमीच माझा अपमान करतेस’ या सुरुवातीला ‘नेहमी कुठे?’ हे उत्तर तयारच असते. त्याऐवजी दोघे निवांत असताना तो म्हणतो, “काल सगळ्यांसमोर तू माझ्या बढतीचा किस्सा सांगितलास. मला लाज वाटली. तो पुन्हा कुणापुढे काढू नकोस.” ती म्हणते, “किती हळवा आहेस रे!” यावर, “असेन हळवा. पण तो किस्सा काढू नकोस, एवढंच म्हणतोय.” हळवेपणा कबूल केल्याने काही बिघडत नाही, मागणी तशीच उभी राहते. ‘माझ्या बहिणीलाही ते खटकलं’ अशी साक्ष मात्र काढू नये, कारण मग भांडण बहिणीवर जाते. छाती धडधडू लागली तर किमान वीस मिनिटे थांबून, पुन्हा कधी बोलायचे ते सांगूनच उठावे. न सांगता उठून जाणे समोरच्याला अबोल्यासारखे वाटते.

उपयोग झाला की नाही, हे माफीपेक्षा पुढच्या वागण्यावरून कळते. पुढच्या बैठकीत ती किस्सा ओठांवर येऊनही थांबली, तर म्हणणे पोचले. ‘मला ते एवढं लागण्यासारखं वाटत नाही, पण नाही काढणार’ हे उत्तरही पुरेसे आहे. दोघांना सारखेच वाटले पाहिजे असे नाही.

किस्सा सांगितलाच नव्हता असे ठासून सांगितले जात असेल, तक्रारीनंतर शिक्षा म्हणून पैसे रोखले किंवा जवळच्या माणसांपासून तोडले जात असेल, किंवा बोलायचीच भीती वाटत असेल, तर ही पद्धत लागू पडत नाही. तिथे नीट शब्दांत मागणी केल्याने धोका वाढू शकतो. अशा वेळी दोघांनी मिळून समुपदेशनाला जाण्याआधी एकट्याने समुपदेशकाला भेटावे. जोडीदारासमोर खरे सांगता येत नाही आणि सांगितलेले घरी गेल्यावर अंगाशी येऊ शकते.