‘इंग्रज फार भरभर बोलतात, म्हणून कळत नाही’

वेग हे खरं कारण नाही. व्हिडिओचा वेग पाऊणपट करून ‘लास्ट नाइट’ ऐका. ‘लास्नाइट’च ऐकू येईल, कारण मधला ‘ट’ बहुतेक वेळा उच्चारलेलाच नसतो. दोन व्यंजनांच्या कात्रीत सापडलेला शब्दान्तीचा ‘ट’ किंवा ‘ड’ सहज गळतो. पुढे स्वर आला की मात्र तो टिकतो आणि त्या स्वराला चिकटतो: ‘लास्ट ऑर्डर’चं ‘लास्टॉर्डर’.

खरी पंचाईत भूतकाळात होते. ‘आय वॉक्ट बॅक’ कानावर ‘आय वॉक बॅक’ असं पडतं. गोष्ट कालची की रोजची, हे उच्चारावरून नव्हे, संदर्भावरून ठरवावं लागतं. इंग्रजी मातृभाषा असलेलेही तेच करतात. ‘ह’ही गळतो: ‘टेल हिम’चं ‘टेलिम’ होतं, पण वाक्याच्या सुरुवातीच्या ‘ही’मधला ‘ह’ सहसा जात नाही. म्हणजे गळतीलाही नियम आहेत. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं.

आपणही ‘जातो आहे’चं ‘जातोय’ करतो, पण ते तसं लिहितोही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये गळालेला ‘ट’ दिसतच राहतो आणि डोळ्यांनी भाषा शिकलेला कान तो शोधत बसतो. तेवढ्यात पुढचे चार शब्द निघून जातात.