उलाढाल शून्य, तरी फॉर्म भरायचेच

“कंपनीत व्यवहारच नाही, मग वार्षिक फॉर्म कशाला भरायचे?”

कारण ही जबाबदारी नोंदणीमुळे येते, उलाढालीमुळे नाही. छोट्या खासगी कंपनीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरला झाली, तर ताळेबंदाचा AOC-4 30 ऑक्टोबरपर्यंत आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A 29 नोव्हेंबरपर्यंत भरावा लागतो. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये जादा शुल्क, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही पुढच्या 30 ऑक्टोबरला भरले तर 36,500 अधिक 33,500, म्हणजे 70,000 रुपये. सलग तीन आर्थिक वर्षं राहिलं तर संचालक पाच वर्षं अपात्र ठरतात. खरा फटका हा.

खात्री करायची तर कंपनी खात्याच्या पोर्टलवर ‘मास्टर डेटा’त शेवटच्या ताळेबंदाची तारीख बघा.