समानाकार पत्रके आणि स्वभांडवली परताव्याचे विघटन

कंपनीच्या हिशेबपत्रकांचे विश्लेषण करताना एकमेकांच्या जोडीने वापरल्या जाणाऱ्या दोन पद्धती. समानाकार (कॉमन-साइझ) पत्रकात नफा-तोटा पत्रकातील प्रत्येक बाब विक्रीच्या टक्केवारीत आणि ताळेबंदातील प्रत्येक बाब एकूण मालमत्तेच्या टक्केवारीत मांडतात. विघटनात स्वभांडवलावरील परतावा, म्हणजे आरओई, तीन गुणकांत फोडला जातो:

आरओई = (निव्वळ नफा ÷ विक्री) × (विक्री ÷ एकूण मालमत्ता) × (एकूण मालमत्ता ÷ स्वभांडवल)

पहिला गुणक मार्जिन, दुसरा उलाढाल आणि तिसरा लिव्हरेज, म्हणजे स्वतःच्या एका रुपयावर किती रुपयांची मालमत्ता उभी आहे त्याचे माप. यातले पहिले दोन गुणक एकत्र मांडण्याची रीत अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डोनाल्डसन ब्राउन यांनी बसवली. पुढे ते जनरल मोटर्समध्ये गेले आणि ती रीतही त्यांच्याबरोबर गेली. लिव्हरेजचा गुणक नंतर जोडला गेला, पण नाव ड्यूपाँ विश्लेषण हेच राहिले.

गोव्यातील विद्यार्थ्याला समानाकार पत्रक बारावीच्या अकाउंटन्सीतच भेटते. विघटन त्याच्या पुढच्या परीक्षांत येते. दोन्ही वेगवेगळ्या वर्षी शिकल्यामुळे ती एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत हे अनेकदा निसटते. कोणता गुणक हलला हे विघटनातून कळते. तो का हलला ते समानाकार पत्रकातच शोधावे लागते.

डिचोलीतल्या एका काजू कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे लाख रुपयांत आहेत आणि कर सोयीसाठी २५ टक्के धरला आहे. पहिल्या वर्षी विक्री १,०००, निव्वळ नफा ६०, मालमत्ता ५०० आणि स्वभांडवल ३००. दुसऱ्या वर्षी विक्री १,६५०, नफा ६६, मालमत्ता ८२५ आणि स्वभांडवल ३३०. आरओई दोन्ही वर्षी २० टक्केच. नफाही दहा टक्क्यांनी वाढला आहे, तेव्हा मालकाला सारे आलबेल वाटले तर त्यात नवल नाही.

विघटन केले की चित्र पालटते. पहिल्या वर्षी ६% × २ × १.६७, दुसऱ्या वर्षी ४% × २ × २.५. उलाढाल जागची हललेली नाही. मार्जिन एक तृतीयांशाने घटले आणि लिव्हरेज दीडपट झाले. दोन्हींनी एकमेकांना नेमके झाकले. आता मार्जिन का घटले ते पाहण्यासाठी समानाकार पत्रक:

| विक्रीच्या टक्केवारीत | पहिले वर्ष | दुसरे वर्ष |
|---|---|---|
| काजूबी | ७०.० | ७२.० |
| मजुरी | ११.० | १०.० |
| इतर खर्च व घसारा | १०.० | १०.० |
| व्याजापूर्वीचा नफा | ९.० | ८.० |
| व्याज | १.० | २.७ |
| कर | २.० | १.३ |
| निव्वळ नफा | ६.० | ४.० |

काजूबी महागली, विक्री वाढल्यामुळे मजुरीचा वाटा थोडा उतरला. या दोहोंमिळून धंद्याचे मार्जिन एका टक्क्याने घटले. व्याजाचा वाटा मात्र १.७ टक्क्यांनी वाढला. म्हणजे करपूर्व मार्जिनमधली मोठी घट कारखान्यात झालेली नाही, ती बँकेच्या कर्जातून आलेली आहे.

उत्तरपत्रिका इथेच घसरतात. ‘मार्जिन घटले, म्हणून कार्यक्षमता घटली, लिव्हरेज वाढले, म्हणून परतावा टिकला’ हे वाक्य ठरीव साच्याचे आहे आणि निम्मेच खरे आहे. तीन गुणक परस्परांपासून स्वतंत्र नसतात. कर्ज वाढले की तिसरा गुणक वाढतो, आणि त्याच कर्जाचे व्याज पहिल्या गुणकाला खाते. म्हणून जाणता परीक्षक पाच गुणकांची मांडणी मागतो. तीत निव्वळ मार्जिन आणखी फोडून व्याजापूर्वीचे मार्जिन, व्याजानंतर उरणारा हिस्सा आणि करानंतर उरणारा हिस्सा असे तीन भाग करतात. आपल्या कारखान्यात पहिल्या वर्षी ते ९% × ०.८९ × ०.७५ आहेत, दुसऱ्या वर्षी ८% × ०.६७ × ०.७५. मधला आकडा किती कोसळला ते पाहावे.

मग कर्ज घेणे चूक होते का? याचे उत्तर वाढीव आकड्यांत आहे. मालमत्ता ३२५ लाखांनी वाढली आणि व्याजापूर्वीचा नफा ९० वरून १३२ वर गेला, म्हणजे वाढीव मालमत्तेने सुमारे १३ टक्के कमावले. बँकेचे कर्ज ११० वरून ४०० वर गेले आणि व्याज १० वरून ४४ वर; वाढीव कर्ज सुमारे ११.७ टक्क्यांना पडले. अंतर सव्वा टक्क्याचे. कर्ज तोट्याचे नाही, पण ज्यासाठी एवढी जोखीम घ्यावी असेही नाही. काजूबीचा वाटा विक्रीच्या आणखी एका टक्क्याने वाढला असता तर पहिल्या वर्षीच्या रचनेत आरओई २० वरून १७.५ वर आला असता. दुसऱ्या वर्षीच्या रचनेत तो १६.२५ वर येतो. परतावा सारखाच दिसत असताना धक्का सोसण्याची ताकद कमी झाली आहे, आणि ही घट आरओईच्या एका आकड्यात कुठेच दिसत नाही.

मोजणीतल्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मालमत्ता वर्षअखेरची घ्यायची की सरासरी, हे प्रश्न सांगतो. न सांगितल्यास कोणतीही एक घ्यावी, पण उलाढालीत आणि लिव्हरेजमध्ये तीच. एकीकडे सरासरी आणि दुसरीकडे अखेरची मालमत्ता घेतली की ती छेदली जात नाही आणि गुणाकार आरओईशी जुळत नाही. चूक पकडण्याची सोपी खूणही हीच. दुसरी गोष्ट छेदातल्या विक्रीची: भारतीय कंपन्यांच्या पत्रकात ‘व्यवसायातील महसूल’ आणि ‘इतर उत्पन्न’ वेगळे असतात आणि समानाकार पत्रकात शंभर टक्के पहिल्याला धरतात. इतर उत्पन्न नफ्यात येते, पण छेदात येत नाही; म्हणून मुदतठेवींचे व्याज मोठे असेल तर मार्जिन फुगते, धंदा मात्र तोच असतो.

दोन वेगळ्या धंद्यांची तुलना करताना गुणकांकडे आणखी सावधपणे पाहावे. कळंगुटमधल्या जुन्या हॉटेलची जमीन ताळेबंदात अनेकदा खरेदीच्याच किमतीला उभी असते, म्हणून त्याची उलाढाल शेजारच्या नव्या हॉटेलपेक्षा चांगली दिसते. यात व्यवस्थापनाचे कर्तृत्व शोधू नये.

काजूच्या धंद्यात तर ताळेबंदाची तारीखच आडवी येते. गोव्यात काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे, आणि हिशेबाचे वर्ष संपते ३१ मार्चला. त्या दिवशी कोठारे भरू लागलेली असतात आणि कॅश क्रेडिट, म्हणजे साठ्याच्या तारणावर बँकेने दिलेले कर्जखाते, ताणलेले असते. वरच्या कारखान्यात १५० लाखांची काजूबी केवळ मार्चअखेरीस कर्जाने घेतलेली होती असे समजू. ती वगळली तर मालमत्ता ६७५ उरते, उलाढाल २ ऐवजी २.४४ होते आणि लिव्हरेज २.५ ऐवजी २.०५. आरओई मात्र २० टक्केच राहते, कारण मालमत्ता गुणाकारात छेदली जाते. कारखाना आळशी आणि कर्जबाजारी दिसतो तो एका तारखेमुळे. अशा वेळी कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला दिले जाणारे साठ्याचे विवरण मिळवावे, त्यावरून साठ्याची वर्षभराची सरासरी काढावी आणि तीच दोन्ही गुणकांत वापरावी.