स्पॉट क्रिप्टो फंड घेतला म्हणजे कॉइन आपल्याच नावावर?

"स्पॉट बिटकॉइन फंड घेतला की बिटकॉइनच घेतल्यासारखं, हवं तेव्हा आपल्या वॉलेटमध्ये काढता येतात."

नाही हो. फंडाकडे खरे कॉइन असतात, इतकं बरोबर आहे, म्हणूनच गैरसमज होतो. पण त्यांची प्रायव्हेट की, म्हणजे ते हलवायची गुप्त किल्ली, फंडाने नेमलेल्या कस्टोडियनकडे, म्हणजे कॉइन सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते आणि आपल्या ब्रोकरच्या खात्यात येतात ती फक्त युनिट्स. ती विकली की पैसे मिळतात, कॉइन नाही. फंडाशी थेट देवघेव मोठ्या ठरावीक संस्थाच करतात, तीही हजारो युनिट्सच्या गठ्ठ्यात.

दुसरं म्हणजे फी, आणि हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. समजा फंडाकडे 1000 कॉइन आणि 10 लाख युनिट्स, म्हणजे 1000 युनिट्समागे 1 कॉइन. वर्षाला 0.25 टक्के फी धरली तर ती भरायला फंड कॉइनच विकतो, मग वर्षाने त्याच युनिट्समागे साधारण 0.9975 उरतो. स्वतःच्या वॉलेटमधला 1 मात्र 1 च राहतो, फक्त वॉलेट बिघडलं आणि ते परत उघडून देणारी शब्दांची यादी, म्हणजे सीड फ्रेजही हरवली, तर तो कायमचा गेला, तिथे कुणी परत मिळवून देत नाही.

स्वतः तपासायचंय? फंडाच्या साइटवरचे एकूण कॉइन भागिले एकूण युनिट्स करा, सहा महिन्यांनी परत करा, आकडा किंचित उतरलेला दिसेल.