लाइव्ह अनावरणाची कॅप्शन

नवीन वस्तू बाजारात आणताना तिचं अनावरण थेट प्रक्षेपणातून होणार असेल, तर त्याची आगाऊ सूचना देणारा पोस्टखालचा मजकूर म्हणजे ही कॅप्शन. कार्यक्रम कधी सुरू होणार, त्यात काय दिसणार आणि पाहायला कुठून शिरायचं, एवढंच तिने सांगायचं असतं.

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालते, पण फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो. उरलेला वाचायला `more` दाबावं लागतं. बरेच जण ते दाबत नाहीत. म्हणून वस्तूचं नाव, तारीख आणि वेळ पहिल्याच ओळीत यायला हवी. ‘प्रतीक्षा संपली!’ अशी सुरुवात केली की ती मोक्याची जागा वाया जाते.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. ‘शुक्रवारी रात्री १२’ म्हणजे गुरुवार संपताना की शुक्रवार संपताना, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा ११:५५ बरे. ‘IST’ ही अक्षरं भारताप्रमाणेच इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेसाठीही वापरतात, तेव्हा प्रेक्षक परदेशी असतील तर ‘भारतीय वेळ’ असं सरळ लिहावं. दुसऱ्या शहराची वेळ जुन्या पोस्टवरून उचलू नये. भारतात संध्याकाळचे ७:३० वाजतात तेव्हा लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे २ वाजलेले असतात, उन्हाळ्यात ३.

हेडफोनच्या अनावरणाची कॅप्शन अशी लिहिता येईल:

‘नवे हेडफोन, लाइव्ह: शुक्रवार, १२ जून, सायं. ७:३० (भारतीय वेळ, लंडन दुपारी ३).
गर्दीच्या रस्त्यावर आवाज किती अडतो ते ऐकवू, बॅटरी उघडून दाखवू, किंमत ८ वाजता सांगू. शेवटची १५ मिनिटं तुमच्या प्रश्नांना.
प्रोफाइलमधली लिंक उघडा, `Notify me` दाबा, ७:२५ ला परत या.’

इथे ‘खास वैशिष्ट्यं उलगडू’ असं मोघम म्हटलेलं नाही, डोळ्यांसमोर काय घडेल ते सांगितलंय. फक्त किंमतीसाठी येणाऱ्यालाही कधी यायचं ते कळतं. अर्थात, एकदा ८ लिहिले की ते पाळावे लागतात.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक चिकटवली तर ती दाबता येत नाही, म्हणून प्रोफाइलचा उल्लेख. यूट्यूबवर कार्यक्रम आधी शेड्यूल केला की त्याचं पान लगेच तयार होतं आणि तिथे प्रत्येकाला आपापल्या स्थानिक वेळेनुसार सुरुवात दिसते. तीच लिंक प्रोफाइलमध्ये द्यावी. ती ब्रँडच्या चॅनेलची नको, त्या कार्यक्रमाचीच हवी. नाहीतर आलेला माणूस जुन्या व्हिडिओंमध्ये शोधत बसतो. लिंक टाकल्यावर ती दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून उघडून पाहावी, कारण मालकाच्या खात्यातून प्रायव्हेट ठेवलेलं पानही व्यवस्थित उघडतं.

वेळ बदलली तर कॅप्शन दुरुस्त करता येते, पण इन्स्टाग्रामवर टाकून झालेलं पोस्टर बदलता येत नाही. मग चित्रावर ७:३० आणि खाली ८:०० असं दिसत राहतं. त्यामुळे पोस्टरवर तारीखच छापावी आणि वेळ कॅप्शनपुरती ठेवावी.