कॉल महाग म्हणजे तेजी?

"एकाच स्ट्राइकचा कॉल पुटपेक्षा महाग दिसला, की भाव वर जाणार."

असं म्हणतात, पण तसं नाही. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घेण्याचा हक्क; पुट म्हणजे त्या भावाला विकण्याचा हक्क. समजा शेअर 100, स्ट्राइक 100, मुदत एक वर्ष, व्याज 5 टक्के, लाभांश नाही, ऑप्शन युरोपियन, म्हणजे फक्त मुदत संपतानाच वापरता येणारे. वर्षानंतरच्या 100 चं आजचं मोल 95.24. म्हणून कॉल 4.76 ने महाग असायलाच हवा. हा फरक व्याजाचा आहे.

समजा कॉल 12 ला आणि पुट 5 ला मिळतोय, म्हणजे फरक 7. मग कॉल विकायचा, पुट आणि शेअर घ्यायचा. लागतात 93, कर्जाने घेतले तर वर्षाने 97.65 फेडायचे. भाव चढला तर कॉलवाला शेअर 100 ला नेतो, पडला तर पुटमुळे आपण 100 लाच विकतो. उरतात 2.35.

पडताळताना मात्र शेवटच्या सौद्याचा भाव धरू नका, तो शिळा असू शकतो. विकताना बिड, म्हणजे घेणारा देऊ करतो तो भाव, आणि घेताना आस्क, म्हणजे विकणारा मागतो तो भाव धरा. बहुतेकदा नफा तिथेच विरतो.