कांद्याचा पापुद्रा आणि पेशीरचना: मायक्रोस्कोपच्या तासाचं नियोजन

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करणं, ती मायक्रोस्कोपखाली बघणं आणि जे दिसलं त्याची नावांसकट आकृती काढणं हा पेशीरचना शिकवायचा शाळेतला जुना प्रयोग आहे. कांदाच घ्यायचं कारण असं की त्याच्या प्रत्येक जाड थराच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला जो पातळ पापुद्रा असतो तो फक्त एका पेशीइतका जाड असतो, त्यामुळे काहीही कापाकापी न करता उजेड सरळ आरपार जातो आणि पेशी एकमेकींवर न चढता शेजारी-शेजारी दिसतात. स्लाइड तशी चटकन जमते. तास फसतो तो आकृतीत, कारण मुलं मायक्रोस्कोपमध्ये डोकावतात आणि वहीत मात्र पुस्तकातली पेशी काढतात. म्हणून नियोजन आकृतीपासून मागे करत यावं: मुलांनी कुठली नावं द्यायची हे आधी ठरवायचं, आणि ती प्रत्येक गोष्ट स्लाइडवर खरंच दिसेल अशी सोय करायची.

नेहमीची नावं पाच: पेशीभित्तिका, प्रद्रव्यपटल, पेशीद्रव, केंद्रक आणि रिक्तिका. आयोडीन लावलेल्या आतल्या पापुद्र्यात यातल्या तीनच गोष्टी खात्रीने दिसतात. भित्तिका विटांच्या बांधकामासारखी स्पष्ट दिसते, केंद्रक पिवळसर-तपकिरी गोल ठिपका म्हणून दिसतं आणि पेशीद्रव कडेने बारीक दाणेदार पट्ट्यासारखं दिसतं. प्रद्रव्यपटल भित्तिकेला आतून इतकं चिकटून असतं की वेगळं दिसतच नाही, आणि रिक्तिका म्हणजे मधली रिकामी वाटणारी जागा, तिला ना रंग ना ठळक कड. तरीही मुलं ही दोन नावं देतात, कारण ती पाठ असतात. इथेच बघणं थांबतं आणि नक्कल सुरू होते.

यावर चांगला उपाय म्हणजे दुसरी स्लाइड, लाल कांद्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूच्या पापुद्र्याची. त्यातला लालसर-जांभळा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो, त्यामुळे काहीही न लावता रिक्तिका रंगीत दिसते आणि तिने पेशीची किती जागा व्यापलीय ते कळतं, जवळजवळ सगळीच. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा (100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मीठ पुरतं) आणि समोरच्या कडेला टीपकागद टेकवायचा, म्हणजे ते पाणी खालून ओढलं जातं. काही मिनिटांत पेशीतलं पाणी बाहेर जातं, रंगीत भाग आकसतो आणि भित्तिकेपासून सुटून आत सरकतो, त्या आकसलेल्या भागाची बाहेरची कड तिथेच प्रद्रव्यपटल असतं. आता पाचही नावं बघून देता येतात. हा पापुद्रा मात्र आतल्यासारखा सहज सुटत नाही, खालच्या पेशी चिकटून येतात, म्हणून ही स्लाइड शिक्षकाने आधीच करून एका मायक्रोस्कोपवर लावून ठेवलेली बरी, आणि ती करताना आयोडीन अजिबात लावायचं नाही, कारण त्याने पेशी मरतात आणि मेलेल्या पेशीत असं आकसणं दिसत नाही.

मुलांची स्वतःची स्लाइड आतल्या पापुद्र्याचीच. थराचा साधारण सेंटिमीटरभर तुकडा घ्यायचा, तो मोडायचा पण आतली कातडी अखंड राहू द्यायची आणि तिथून चिमट्याने अलगद ओढायचं. सुटलेला पापुद्रा लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर तो गुंडाळतो आणि सुकतो. स्लाइडवर पाण्याच्या थेंबात 5 मिलिमीटरचा तुकडा पुरे, ब्रशने सपाट करून त्यावर पातळ आयोडीनचा एक थेंब, मग कव्हरस्लिपची एक कड टेकवून सुईच्या आधाराने ती तिरकी हळूहळू खाली सोडायची. एकदम टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि मुलं हमखास त्यांनाच पेशी समजून काढतात. ओळखायचं सोपं आहे, बुडबुड्याची कड जाड आणि काळीकुट्ट असते आणि आत काहीच नसतं. चौकटीवर चौकट तिरकी चढलेली दिसली तर पापुद्रा दुमडलाय. सगळंच गडद पिवळं दिसलं तर आयोडीन जास्त झालंय, एका कडेने पाणी सोडून दुसरीकडून टीपून घ्यायचं.

40 मिनिटांचा तास असेल तर स्लाइड आणि फोकस 20 मिनिटांत संपवून उरलेली आकृतीला ठेवावीत, आणि मिठाच्या पाण्याची स्लाइड पुढच्या तासाला ठेवली तरी चालेल, घाई करण्यापेक्षा तेच बरं. आधी सगळ्यात कमी क्षमतेचं भिंग, मग 10 पटीचं, 40 पटीचं फक्त केंद्रक नीट बघायला, आणि तिथे फक्त बारीक फोकसचा स्क्रू फिरवायचा, मोठा फिरवला तर भिंग स्लाइडवर आपटतं.

आकृतीत अख्खं दृश्य काढायचं नाही, एकमेकींना लागून असलेल्या तीन-चार पेशी निवडायच्या आणि मोठ्या काढायच्या. टोकदार पेन्सिल, एकसंध रेघ, शेडिंग नाही. भित्तिकेला जाडी असते म्हणून ती दुहेरी रेघेने, आणि शेजारच्या दोन पेशींमधली भिंत एकच सलग, दोन सुट्या चौकोनांसारखी नाही. केंद्रक जिथे दिसलं तिथेच काढायचं. बहुतेक पेशींत ते कडेला सरकलेलं असतं कारण रिक्तिका त्याला ढकलते, काहींत ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला असतं म्हणून मधोमध वाटतं, आणि एखाद्या पेशीत फोकसमध्ये येत नाही, तर त्या पेशीत काढायचं नाही. नावांच्या रेघा पट्टीने, बाण न करता, एकमेकींना न छेदता, आणि रेघेचं टोक त्या भागाला खरंच टेकलेलं पाहिजे. पेशीद्रवाची रेघ मधल्या मोकळ्या जागेत थांबली तर ती रिक्तिकेला लागली, ही चूक वही तपासताना सगळ्यात जास्त सापडते.

शेवटी आकृती किती पट मोठी ते लिहायचं, आणि इथे जवळपास सगळे 100 पट लिहून मोकळे होतात कारण मायक्रोस्कोप तेवढा होता. ते चूक आहे. समजा 4 पटीच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवली आणि दृश्याची रुंदी 4.5 मिलिमीटर भरली, तर 10 पटीच्या भिंगाखाली ती 1.8 मिलिमीटर होते. त्या रुंदीत लांबीच्या दिशेने सहा पेशी बसल्या तर एक पेशी सरासरी 0.3 मिलिमीटर. वहीत तीच पेशी 90 मिलिमीटर लांब काढली असेल तर 90 भागिले 0.3, म्हणजे आकृती 300 पट. शेजारच्या मुलाने तीच पेशी 60 मिलिमीटर काढली तर त्याचं उत्तर 200 पट, आणि दोघांचंही बरोबर.